दहावीचं वेळापत्रक ॲपवर सोडावं का?

वैशाली, सिंहगड रोड: लेक दहावीला आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. पहिली पूर्वपरीक्षा झाली. शाळा-क्लास सोडून आठवड्याला 24 तास मिळतात. ॲपमध्ये विषय टाकले, त्यानं प्रत्येकाला 3 तास दिले. दोन आठवड्यांत 31 कामं लाल रंगात. चूक ॲपची की लेकीची? पैसे भरून मोठं व्हर्जन घेऊ का?

सदाशिव पेठेतला: ॲपला काय कळणार, संध्याकाळी लाइट गेली नि दारात आत्या उभी! कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता करा, भिंतीला लावा. मोबाइल हातात दिलात की अर्धा तास तिथंच गेला समजा.

मेघना (क्लासला गणित शिकवते): ताई, पैसे नका भरू. आधी सांगा, यादीत विषय कसे टाकलेत?

वैशाली: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान 1, विज्ञान 2, इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल. आठ.

मेघना: घोळ इथंच आहे. ॲप ओळी मोजतं, मार्क नाही. विज्ञानाच्या दोन ओळी म्हणून 6 तास, समाजशास्त्राच्या दोन म्हणून 6, आणि बीजगणित-भूमिती मिळून बिचाऱ्या गणिताला 3. बोर्डात तिन्हींचे पेपर सारखेच, 40 चे दोन. एक तर गणिताच्याही दोन ओळी करा, नाहीतर सगळे सहाच विषय ठेवा.

तेवढ्यानं भागत नाही. पूर्वपरीक्षेत 80 पैकी किती गेले?

वैशाली: गणित 36, विज्ञान 24, समाजशास्त्र 16, इंग्रजी 14, हिंदी 12, मराठी 10. एकूण 112 गेले हो.

मेघना: मग 24 तासांतले 12 सगळ्यांना सारखे, म्हणजे 2-2. उरलेले 12 गेलेल्या मार्कांच्या प्रमाणात. गणिताला त्यातले जवळपास 4 येतात, म्हणजे एकूण 6. विज्ञान साडेचार, मराठी 3, बाकीचे मध्ये कुठंतरी. ॲपमध्ये हे तास स्वतः भरता येत नसतील तर ते ॲप काढूनच टाका.

धायरीकर: एवढा हिशोब कशाला? बेस्ट ऑफ फाइव्ह आहे ना. टक्केवारी 600 वर नाही, 500 वर निघते. गणित कच्चं तर पासापुरतं करा, तो वेळ बाकी पाचांत घाला.

मेघना: नियम बरोबर आहे, पण कुठला विषय गळेल हे निकालाच्या दिवशी कळतं. आणि मराठीत 70 आलेत, तिथं अजून किती वाढणार?

धायरीकर: माझ्या पुतण्याचं असंच केलं, 88 टक्के पडले. अकरावीला कॉमर्स घेतलं, काही अडलं नाही.

रोहिणी, कोथरूड: आमचा सीबीएसईला आहे. त्याला ॲपनं छान जमतं, रोज टिक करतो. एकच, संस्कृत यादीत टाकायचं राहिलं होतं, तेव्हा धावपळ झाली.

जोशीकाका: रोहिणीताई, प्रश्न स्टेट बोर्डाचा आहे. 😊

मेघनाबाईंचा हिशोब मला अर्धाच पटतो. मी 22 वर्षं पेपर तपासले. गेलेले 36 मार्क एका जातीचे नसतात. पेपर पुढ्यात घ्या आणि प्रत्येक चुकीशेजारी लेकीलाच लिहायला लावा: समजलं नव्हतं, विसरले, वेळ पुरला नाही, की हात घसरला. समरूपता समजलीच नसेल तर तास वाढवा. पण भूमितीच्या पेपरात रचना शेवटी राहून गेल्या असतील, तर आणखी चार तास वाचून काय होणार? तिथं घड्याळ लावून 2 तासांत 40 चा पेपर सोडवायचा, आठवड्याला एक.

मेघना: मान्य काका. वेळेअभावी गेलेले मार्क माझ्या बेरजेतून वजा धरा.

वैशालीताई, लाल कामांचं राहिलं. राहिलेलं काम आपोआप उद्यावर ढकलायची सोय ॲपमध्ये चालू असेल, ती बंद करा. नाहीतर साडेतीन तासांच्या सोमवारी सहा तासांची कामं येऊन बसतात आणि पोर यादी उघडायचंच सोडते. रविवार कोरा ठेवा, भरपाईला. शनिवारपर्यंत राहिलेल्यातलं रविवारी मावेल तेवढंच घ्या, बाकी सरळ खोडा. आणि 'वर्गसमीकरणे' असं काम टाकू नका, ते पाऊण तासात कधीच होत नाही. 'सूत्रानं सोडवायची सहा उदाहरणं' असं टाका.

वैशाली: आत्ताच लेकीसोबत बसले. गणिताच्या 36 पैकी 15 शेजारी तिनं 'वेळ पुरला नाही' लिहिलं. मी तिला आळशी म्हणत होते. 31 मधली 19 कामं खोडली, तेव्हा पहिल्यांदा हसली.

सदाशिव पेठेतला: छान. पण मोबाइल रात्री कुणाकडे?

वैशाली: त्यावरून आमच्याकडे अजून भांडण चालू आहे.