जवस, चिया की तीळ? वडिलांसाठी एकच सुचवा

सावली_११
वडील ६८ वर्षांचे. मासे खात नाहीत. बद्धकोष्ठाचा जुना त्रास आहे आणि हाडांची तपासणी झाल्यापासून 'कॅल्शियम वाढवा' असंही सांगितलंय. त्यांना कुणीतरी तिन्ही बियांचं मिश्रण दिलं होतं. ते रोज सकाळी एक मोठा चमचा कोरडंच तोंडात टाकतात आणि वर दोन घोट पाणी पितात. दोन महिने झाले, पोट उलट जास्तच जड झालंय. मला तीन डबे सांभाळायचे नाहीत. एकच बी, दिवसाला एकच चमचा, आणि रोज मिक्सर काढायला लावणारं नको. काय घेऊ?

निवांत_माणूस
तिन्ही घ्या. मी तर पाच प्रकारच्या बिया खातो, भोपळा आणि सूर्यफूलसुद्धा. माझं पोट घड्याळाच्या काट्यावर चालतं.

कडूगोड
सावली, अख्खा जवस देत असाल तर तो जसा आत जातो तसाच बाहेर पडतो. साल कडक आणि गुळगुळीत असते, दातांतून निसटते आणि आतड्यात फुटत नाही. हवं तर दुसऱ्या दिवशी बघा, किळस वाटणार नसेल तर. दळल्याशिवाय जवसातलं ओमेगा-३ मिळत नाही. माझं मत जवसच.

चियाप्रेमी
जवस म्हणजे जुनी गोष्ट झाली. चिया घ्या, दळायची गरजच नाही. त्यात दुधापेक्षा जास्त कॅल्शियम आहे, सगळीकडे लिहिलेलं असतं.

रसायनवाला
'दुधापेक्षा जास्त' हे १०० ग्रॅमच्या हिशोबात खरं आहे, पण १०० ग्रॅम चिया कोण खातं? चमचाभर म्हणजे साधारण १२ ग्रॅम. त्यातून पाऊणशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम येतं. ग्लासभर दुधात ३०० च्या घरात असतं.

सावली, तुमच्या तीन गरजा वेगवेगळ्या आहेत आणि एक बी तिन्ही भागवणार नाही. चमचाभर दळलेल्या जवसात दीड ग्रॅमहून थोडं जास्त वनस्पतीजन्य ओमेगा-३ असतं. प्रौढ पुरुषाला दिवसाला साधारण तेवढंच लागतं, म्हणजे तो भाग एका चमच्यात उरकतो. चियाचा चमचा वजनाने जड असल्यामुळे त्यातून दोन ग्रॅमच्या आसपास मिळतं. तिळात हे जवळजवळ नाहीच, त्याचं तेल वेगळ्या जातीचं. मात्र वनस्पतीतल्या या ओमेगा-३ चा अगदी थोडाच भाग शरीरात माशातल्या प्रकारात बदलतो. त्यामुळे 'माशाला पर्याय' या शब्दांवर फार भार टाकू नका.

चियाप्रेमी
म्हणजे चियाच जास्त. मी तेच म्हणत होतो.

हळदीचं_पान
चियावरून आठवलं. माझ्या मोठ्या दिरांनी कोरडा चिया तोंडात टाकला आणि पाणी प्यायले. घशात गोळा अडकून बसला, डॉक्टरांकडे न्यावं लागलं. तेव्हापासून आमच्या घरी चिया बंद. कुणालाच देऊ नका.

रसायनवाला
बंद करायचं कारण नाही, पण घडलं ते अगदी शक्य आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत असंच एक प्रकरण डॉक्टरांच्या परिषदेत मांडलं गेलं होतं: कोरडा चिया, वर पाणी, आणि अन्ननलिका बंद. चिया स्वतःच्या वजनाच्या दहापट किंवा त्याहून जास्त पाणी ओढतो. ते पाणी त्याला पेल्यात मिळालं नाही तर तो घशात किंवा आतड्यात शोधतो. तुमच्या वडिलांचं पोट जड व्हायचं कारण बहुधा इथेच आहे: चमचाभर तंतू आणि दोन घोट पाणी. बद्धकोष्ठात तंतू वाढवले आणि पाणी तेवढंच ठेवलं तर मल मऊ व्हायच्या ऐवजी घट्ट होतो.

भिजवायचा तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका, पाच मिनिटांनी पुन्हा ढवळा (नाहीतर तळाशी गठ्ठा होतो आणि आतल्या बिया कोरड्याच राहतात), मग अर्धा तास ठेवा. सुरुवात अर्ध्या चमच्याने करा आणि आठवडाभराने वाढवा.

कडूगोड
हे सगळं जवसालाही लागू आहे, तोही चिकट होतो. पण दळलेला जवस दह्यात कालवला की संपलं. रोज मिक्सर नको असेल तर आठवड्याचा एकदम दळा आणि हवाबंद डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. दळताना थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं तर गरम होऊन तेल सुटतं.

निवांत_माणूस
एवढं कोण करतं? दळलेलं पाकीट मिळतं की.

कडूगोड
मिळतं, आणि त्यातलं निम्मं खवट असतं. माझ्या पाकिटाला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता.

रसायनवाला
तो वास योगायोगाने नाही. चित्रकार तैलरंगात जवसाचंच तेल वापरतात, कारण ते हवेत राहून घट्ट होतं. दळलेल्या जवसात तीच क्रिया हळूहळू सुरू असते. चिमूटभर चाखा: चव शेंगदाण्यासारखी असेल तर ठीक, जिभेवर कडवटपणा रेंगाळला तर फेकून द्या.

सावली_११
सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं. बाबा सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी घेतात, आणि बियाही लगेच त्यानंतरच. फरक पडतो का?

रसायनवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! तंतू आणि कॅल्शियम दोन्हींमुळे त्या गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. बिया दुपारी किंवा रात्री द्या, आणि नेमकं किती अंतर ठेवायचं ते गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. दोन महिने सोबत घेतल्या असतील तर तेही सांगा. कदाचित रक्त तपासायला सांगतील. थायरॉईड कमी पडलं तरी बद्धकोष्ठ वाढतं, त्यामुळे दोष फक्त बियांचा नसेलही.

हळदीचं_पान
बघा, मी म्हणाले होते, बिया नकोतच.

तीळमात्र
तिळाचं कुणी बोलतच नाहीये. कॅल्शियम हवं तर तीळ. शंभर ग्रॅमला जवळपास हजार मिलिग्रॅम!

रसायनवाला
सालीसकट तिळात, हो. साल काढलेल्यात त्याचा छोटा हिस्साच उरतो. आणि त्या सालीतच ऑक्झलेट असतं, जे कॅल्शियम धरून ठेवतं. चमचाभर तिळातलं ८५-९० मिलिग्रॅम कागदावर दिसतं, अंगी लागतं ते त्यापेक्षा बरंच कमी. हाडांसाठी तिळावर विसंबू नका. तीळ अख्खे गिळले तर तेही बरेचसे तसेच निघून जातात, म्हणून भाजून कुटलेले बरे. आणि तिळाची ॲलर्जी काहींना तीव्र असते, आधी कधी त्रास झालाय का ते विचारून घ्या.

सावली_११
ठरलं. आज तिन्ही करून पाहिलं. भिजवलेला चिया बघूनच त्यांनी पेला सरकवला, बेडकाची अंडी म्हणाले. जवसाची चव नको झाली. भाजून कुटलेले तीळ मात्र भाजीवर पसरून मागून मागून खाल्ले. तर तीळच देणार, दुपारच्या जेवणात. कॅल्शियमचं डॉक्टर बघतील, गोळीचंही त्यांना विचारते.

कडूगोड
म्हणजे ओमेगा-३ वर पाणी सोडलं. आणि चमचाभर तिळात तंतू जेमतेम एक ग्रॅम, पोटाचं काय?

सावली_११
पोटासाठी पाणी वाढवलंय. दोन ग्लास जास्त. ते निदान पितात.

चियाप्रेमी
चिया दह्यात लपवून बघा, कळणारसुद्धा नाही.

तीळमात्र
काळे घेतले की पांढरे?