मदत हवी: नवीन पिकाचं पोतं उघडलं आणि एस्प्रेसो ब्लेंडचा गोडवा गेला

लातूरची_भट्टी: माझी छोटी रोस्टरी आहे. ब्लेंडमध्ये 60 टक्के चिकमगळूरची धुतलेली अरेबिका, गोडव्यासाठी 25 टक्के फळासकट वाळवलेली अरेबिका आणि जाडी व क्रेमासाठी 15 टक्के रोबस्टा. धुतलेल्या अरेबिकाचं नवीन पोतं लावल्यापासून कॅफेवाले म्हणतात, शॉट आंबट आणि पातळ लागतो. मळा तोच, प्रमाण तेच, 1 किलो कच्च्या बियांचे भाजून 850 ग्रॅम होतात तेही तेच. 18 ग्रॅम पुडीचा 36 ग्रॅम शॉट काढतात. प्रमाण बदलू का?

नांदेडकर: रोबस्टा 25 टक्के करा ताई. जाडी लगेच येईल.

कडक_चहा: आमची फिल्टर कॉफीपण पातळच होते. चिकोरी किती घालावी?

जालन्याचा_रोस्टर: चिकोरीचं इथं काम नाही भाऊ, वेगळा धागा काढा. नांदेडकर, जाडी येईल हे खरं, पण आंबटपणा कडवटपणाखाली झाकला जाईल, गोडवा परतणार नाही. ताई, दोन्ही पोत्यांचा ओलावा मोजलात का?

लातूरची_भट्टी: हो दादा. जुन्याचा 9 टक्के, नव्याचा 11.5.

जालन्याचा_रोस्टर: मग गोम तिथंच आहे. आपल्या उन्हाळ्यात तागाच्या पोत्यातला माल सुकत जातो. जुन्या 1 किलोत पाणी सोडून 910 ग्रॅम ऐवज होता, नव्यात 885 आहे. दोन्हींचे 850 निघाले, म्हणजे नव्यात जास्तीचं पाणी उडालं आणि बी मात्र कमी भाजली गेली. तेवढीच भाजणी हवी तर साधारण 827 ग्रॅमवर यायला हवं. हा अंदाज आहे, खात्री दळलेल्या पुडीचा रंग शेजारी ठेवून करा. आणि तिन्ही बिया वेगळ्या भाजून मग मिसळा, म्हणजे नेमकी कोणती बदलली ते चाखून कळतं.

नांदेडकर: मी आधी मिसळून एकत्रच भाजतो. चव जास्त एकजीव होते.

जालन्याचा_रोस्टर: माल वर्षभर एकसारखा असेल तर चालतं. पीक बदलताना मला ते पटत नाही.

लातूरची_भट्टी: 830 ग्रॅमवर उतरवून पाहिलं, चार दिवस मुरू दिलं. आंबटपणा गेला, शॉटला अंगही आलं. गोडवा अजून थोडा कमीच आहे.

जालन्याचा_रोस्टर: तो पिकाचा फरक असू शकतो. आता प्रमाणाला हात लावा: फळासकट वाळवलेली 30, धुतलेली 55, रोबस्टा तशीच. जुना माल उरला असेल तर धुतलेल्याच्या वाट्यात या आठवड्यात पाव हिस्सा नवा, पुढच्यात निम्मा, असं करत जा. कॅफेला ग्राइंडर एकदम बदलावा लागणार नाही. पुढचं पोतं हवाबंद पिशवीत ठेवा.

लातूरची_भट्टी: जुनी सहाच किलो उरली आहे. 30 टक्क्यांनी आंबूस फळाचा वास वर येईल का, ही धास्ती आहे. रविवारी दोन्ही शॉट शेजारी ठेवून चाखते आणि इथं लिहिते.