लेकीच्या गालावरची पट्टी फोटोतून काढायची आहे, सल्ला हवा

आर्याची_आई: पहिल्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी लेक पडली. ओवाळतानाच्या सगळ्यात छान फोटोत तिच्या उजव्या गालावर पट्टी आहे. खिडकी तिच्या डावीकडे, म्हणून पट्टीचा गाल जरा सावलीत. Photopea मध्ये Spot Healing ने पुसून पाहिलं, तर गाल मेणाचा दिसतो आणि कानाजवळ केसांचा काळा ओघळ ओढला जातो. १२ x १८ इंची फ्रेम करायची आहे. खर्च ३०० रुपयांपर्यंत.

चिंचवडकर: ३०० मध्ये काही होत नाही. मी आईबाबांच्या लग्नाचा फोटो २५०० देऊन करून घेतला, अजून लोक विचारतात. स्टुडिओतच द्या.

निळा_पक्षी: स्टुडिओ कशाला? दुसरा गाल कॉपी करा, आडवा उलटा करा, पट्टीवर बसवा. मी भाचीच्या फोटोत पाच मिनिटांत केलं.

छायाप्रकाश: भाचीवर उजेड समोरून असेल, म्हणून जमलं. इथे डावा गाल उजळ आहे, तो उजवीकडे बसवला की चेहऱ्याला दोन खिडक्या होतील. त्वचा त्याच गालावरची घ्या, पट्टीच्या खालून, जबड्याकडून. आधी नवीन रिकामा लेयर, Clone Stamp, ब्रशची कड मऊ, वर Sample मध्ये Current & Below. पट्टीच्या कडेची बारीक सावली आणि लालसर रेघही झाका, नाहीतर पट्टी गेली तरी तिचा चौकोन दिसत राहतो. केसांजवळ Healing Brush नकोच, तो कडेचा काळा रंग आत मिसळतो. गालाच्या मधोमध मात्र शेवटी हलकेच फिरवा.

मी_मीनल: आमच्याकडे प्रत्येक फोटोत तोंडात चोखणी! तीही अशीच निघेल ना?

निळा_पक्षी: चोखणी द्यायचीच कशाला, दात पुढे येतात.

मी_मीनल: दातांचं विचारलं नव्हतं.

छायाप्रकाश: मीनलताई, गालाला शेजारी गाल सापडतो, ओठांना शेजारी ओठ नसतात. त्याच वेळचा, मान तशीच वळलेली असा दुसरा फोटो असेल तर त्यातलं तोंड आणून बसवता येतं. नसेल तर आपण काढलेले ओठ आपल्या बाळाचे दिसत नाहीत. मी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा आईनेच नको म्हटलं.

चिंचवडकर: म्हणूनच म्हणतो, स्टुडिओ.

आर्याची_आई: रात्री बसून केलं. चौकोन गेला, पण एकच लाल ठिपका दोनदा उमटला होता, तो लांबून पाहिल्यावर दिसला. गाल तरी गुळगुळीत वाटत होता, Add Noise २ टक्के दिल्यावर बाकी चेहऱ्यात मिसळला. कानाजवळ अजून जमत नाहीये. तिथे पट्टीचं टोक झाकण्यापुरता फोटो कापून ८ x १० करते. स्टुडिओत देत नाही.

छायाप्रकाश: कापू नका, कान जाईल. कानाचा भाग मोठा करून इथे टाका, बघतो.

आर्याची_आई: कापला. प्रिंटला गेलाय.