आधी अस्थिरता, मग एडीएक्स

«एडीएक्स 25 च्या वर असेल तर ट्रेंड, 20 च्या खाली असेल तर रेंज, सेटअप निवडायला एवढे पुरत नाही का?»

पुरत नाही, कारण एडीएक्स दिशेचा जोर मोजतो, चढउताराचा आकार मोजत नाही, आणि सरासरीवर आधारलेला असल्यामुळे तो उशिराच बोलतो. इंदूरला आम्ही तिघे मित्र सकाळी पोहे खाताना वहीत दिवसाचा शिक्का, म्हणजे ट्रेंड, रेंज की अस्थिर, लिहितो, आणि त्यात पहिला प्रश्न असा असतो: कालची ट्रू रेंज, म्हणजे आदला बंद भावही धरून मोजलेला दिवसाचा पल्ला, 14 दिवसांच्या एटीआरच्या, म्हणजे त्याच पल्ल्याच्या सरासरीच्या, दुप्पट होती का? असेल तर «अस्थिर» लिहून एडीएक्सकडे पाहतच नाही.

3 जून 2024 चे उदाहरण घ्या. त्या दिवशी निफ्टीचा उच्चांक आणि नीचांक यांत 300 अंकांहूनही कमी अंतर होते, म्हणून मेणबत्ती शांत दिसते. परंतु आदल्या बंद भावापासूनची उडी धरली की ट्रू रेंज 733 अंकांच्या पुढे जाते. ब्रेकआउट समजून दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेला सौदा, लोकसभा निकालाच्या गडबडीत, 1,379 अंकांच्या घसरणीत सापडला असता. या शिक्क्याने घसरणीचे भाकीत होत नाही. फक्त अस्थिर दिवशी सौदा टाळला जातो किंवा सौद्यातली संख्या निम्मी होते.

एडीएक्स 20 ते 25 च्या मध्ये असेल तर आम्ही आदल्या दिवसाचाच शिक्का चालू ठेवतो, नाहीतर तो रोज उलटतो.