सल्ला हवा: बेळगावच्या उद्यमबागेतल्या बाहेरगावच्या कामगारांचा सर्व्हे, कुपन-साखळी पद्धतीने

शहापूरकर_पोरगी: प्रबंधासाठी फौंड्रीतल्या परप्रांतीय कामगारांपैकी किती जणांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापले जातात ते काढायचंय. यादी कुठेच नाही. म्हणून प्रत्येकाला तीन कुपनं देऊन ओळखीतून पुढचे आणायचे. १५० जण, बजेट ३० हजार. सुरुवात कुणापासून करू?

खडेबाजार_राजा: महापालिकेत फेरीवाल्यांची यादी मिळते की. कशाला एवढा व्याप?

शहापूरकर_पोरगी: फेरीवाले नव्हेत हो, फौंड्री!

निपाणी७७: पाचशे-पाचशे द्या, पटापट येतील. आम्ही विडी कामगारांचा केला तेव्हा गर्दी आवरेना.

मच्छे_सर्व्हेवाला: पाचशे दिलेत तर मुकादमच कुपनं गोळा करून विकेल. मुलाखतीला १००, आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५०. सुरुवातीचे सोडले तर प्रत्येक जण एकदाच आणला जातो. म्हणजे माणशी १५०, एकूण साडेबावीस हजारांच्या आत. कुपनावर नंबर आणि मुदत घाला, कुणी कुणाला आणलं ते वहीत लिहा. सुरुवातीचे पाच-सहा जण वेगवेगळ्या प्रांतांचे आणि वेगवेगळ्या ठेकेदारांकडचे घ्या.

निपाणी७७: तेच म्हणतोय मी, पैसे द्या.

टिळकवाडी_काका: आमच्या भाडेकरूंत आठ ओडिया पोरं आहेत. त्यांनाच विचार बाळ, सगळी माहिती मिळेल.

मच्छे_सर्व्हेवाला: काका, धोका तिथंच आहे. ओडिया ओडियालाच आणतो, साखळी त्याच खोल्यांत फिरते. प्रत्येक सुरुवातीच्या माणसाच्या साखळीतला ईएसआयचा टक्का वेगळा काढून बघा. साखळ्या लांबल्या तरी एक २० वर आणि दुसरी ७० वर अडून राहिली, तर गट एकमेकांत मिसळलेलेच नाहीत. मग एकत्र आकडा छापू नये.

शहापूरकर_पोरगी: आणि ओळखी किती, हे विचारायलाच हवं का? सगळे 'पन्नास' म्हणतात.

मच्छे_सर्व्हेवाला: त्याशिवाय आकडा वाकडाच. समजा १०० जणांत ईएसआयवाले ६०, त्यांच्या ओळखी प्रत्येकी ३०. बिनईएसआयवाले ४०, ओळखी १०. जास्त ओळखीचा माणूस सहज सापडतो, म्हणून संख्येला ओळखींनी भागायचं: ६०/३० म्हणजे २, ४०/१० म्हणजे ४. एकूण ६ पैकी २, म्हणजे ईएसआयवाले ६० टक्के नव्हेत, ३३ टक्केच. प्रश्न नेमका करा: 'गेल्या महिन्यात भेटलेले, एकमेकांना नावानं ओळखणारे, उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारे बाहेरचे किती?' आधी गाववाले, मग शिफ्टचे, मग खोलीतले मोजायला लावा, एकाला दोनदा मोजू नका. पन्नासचा ढीग कमी होतो.

आकडेमोड_खानापूर: १५० कमी पडतील. या पद्धतीत साध्या नमुन्याच्या निदान दुप्पट माणसं धरतात. ३०० करा.

निपाणी७७: बजेट वाचलं का हो?

आकडेमोड_खानापूर: गणित बजेट बघत नाही.

शहापूरकर_पोरगी: १५० वरच थांबते, चुकीची मर्यादा रुंद छापेन. पैशांऐवजी मोबाइल रिचार्ज देणार, रोख रकमेवर मुकादमाचा डोळा असतो.

मच्छे_सर्व्हेवाला: रिचार्जचं कुपनही विकलं जातं हं. आणि नंबर घेतलात की बिनईएसआयवाला बिचकतो, ठेकेदाराला कळेल म्हणून.

शहापूरकर_पोरगी: नंबर लिहून ठेवणार नाही, त्यांच्यासमोरच रिचार्ज मारणार. ठरलं माझं.

टिळकवाडी_काका: मग पोरांना सांगू का रविवारी थांबायला?