एक्स-रे रिपोर्टची शेवटची ओळ

"वडिलांच्या छातीच्या एक्स-रे रिपोर्टवर 'तातडीने कॉन्ट्रास्ट सीटी करावा' असं आलंय. आधी औषधांचा कोर्स करून मग बघितलं तर चालेल का?"

थांबू नका. कॉन्ट्रास्ट सीटी म्हणजे शिरेतून खास औषध देऊन केलेला सीटी स्कॅन. मी नाशिकला रेडिओलॉजिस्ट आहे. मध्यंतरी सिन्नरहून आलेल्या एका काकांच्या उजव्या फुप्फुसात वरच्या भागात 3 सेंमीची गाठ दिसली, कडा काटेरी. वरचा भाग म्हटलं की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, आणि त्यातच महिने जातात. म्हणून त्यांच्या डॉक्टरांना लिहिलं: "दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर ही गाठ नाही. कॅन्सरची शंका आहे. क्रिएटिनिन पाहून याच आठवड्यात छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी करावा, यकृत व अ‍ॅड्रिनल ग्रंथींसह. थुंकीची तपासणी सोबत चालू द्यावी, पण तिच्यासाठी सीटी अडवू नये." क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी, कॉन्ट्रास्ट देण्याआधी पाहायची. वर फोनही केला, नुसता कागद पिशवीतच राहतो, हा अनुभव.

छातीच्या मधल्या भागातल्या लसिका ग्रंथी एक्स-रेवर नीट कळत नाहीत. सीटीत त्या दिसतात, शिवाय सुईने तुकडा कुठून घ्यायचा तेही ठरवता येतं. पक्कं निदान मात्र तुकडा तपासल्यावरच.

वडिलांचा जुना एक्स-रे घरात असेल तर सीटीला जाताना न विसरता न्या.