मदत हवी आहे: जवळच्या स्फोटाच्या धुराने फोनवर गेम अडखळतो

नमस्कार मंडळी, साताऱ्यात आम्ही दोघं मित्र युनिटीमध्ये मोबाइल गेम करतोय. अजिंक्यताऱ्याच्या तटावर तोफगोळा फुटतो. स्फोट लांब असला तर 60 फ्रेम मिळतात, कॅमेऱ्याजवळ झाला की थेट 25. कण तेवढेच! रेझोल्यूशन निम्मं केलं की गेम सुरळीत चालतो, म्हणजे भार जीपीयूवर आहे: धुराच्या पारदर्शक थरांमुळे तोच पिक्सेल पुन्हापुन्हा रंगवला जातो. ठिणग्या दुप्पट केल्या तरी फरक पडत नाही, त्या इवल्याशा असतात.

म्हणून धुराचे 40 कण काढून 8 ठेवले आणि प्रत्येकाला 8×8 चौकटींचं फ्लिपबुक दिलं. वेग सुधारला, पण धूर हळू पसरताना चौकट बदललेली स्पष्ट दिसते. दोन चौकटी एकमेकींत मिसळायच्या, की मोशन व्हेक्टर वापरायचे? साध्या फोनवर कोणी करून पाहिलंय का?